लादी मोजा, मग भिंत उभी करा

फोटोवरून खोलीचं आयसोमेट्रिक चित्र काढायला बसणारा बहुतेक प्रत्येक जण पहिल्यांदा फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवतो. दहा मिनिटांत काम अडतं. फोटोतल्या रेषा लांब जाताना एकमेकींजवळ येतात. डाव्या भिंतीवरच्या सगळ्या आडव्या रेषा दूरच्या एका बिंदूकडे धावतात, उजव्या भिंतीवरच्या दुसऱ्याच बिंदूकडे, आणि जवळचा पलंग दूरच्या कपाटापेक्षा मोठा दिसतो. आयसोमेट्रिक चित्रात असं काहीच घडत नाही. तिथे समांतर रेषा शेवटपर्यंत समांतर राहतात आणि एक फूट जवळ असो की लांब, कागदावर तेवढाच भरतो. म्हणून फोटो गिरवून हे चित्र मिळत नाही. फोटोतून मापं काढायची, मापांवरून जमिनीचा नकाशा मांडायचा आणि नकाशावर खोली नव्याने उभी करायची, असा हा प्रवास आहे. यातला पहिला टप्पा सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच लोक वगळतात.

ही पद्धत शास्त्रशुद्ध मांडली विल्यम फॅरिश या केंब्रिजच्या प्राध्यापकाने, १८२२ साली. तो यंत्रांवर व्याख्यानं देत असे आणि वर्गात दाखवायची यंत्रांची प्रतिरूपं सुट्या भागांतून जोडत असे. एक व्याख्यान झालं की ते भाग मोडून पुढच्यासाठी दुसरं यंत्र जोडायचं. हे काम मदतनिसांना करता यावं म्हणून त्याला असं चित्र हवं होतं, ज्यात वस्तू घनाकार दिसेल आणि तरी पट्टी लावून माप घेता येईल. आपल्या छोट्या खोलीच्या चित्राचा जीवही त्या पट्टीतच आहे.

उदाहरण म्हणून मुंबईच्या चाळीतली असते तशी एक खोली घेऊ. फोटो दाराजवळच्या कोपऱ्यात उभं राहून काढलेला आहे आणि समोर खोलीचा पल्याडचा कोपरा दिसतो. डावीकडे लांब भिंत, तिला लागून कॉट. उजवीकडे आखूड भिंत. तिच्यावर अगदी कोपऱ्यात लोखंडी कपाट, मग थोडी मोकळी जागा, मग ओटा आणि त्याच्या वर खिडकी. ओट्याच्या पुढे पाण्याचं पिंप आहे, मध्ये एक गोल स्टूल आणि छताला पंखा. खाली मोझॅकच्या लाद्या.

फोटो स्वतः काढणार असाल, तर फोनची ०.५ एक्सची रुंद लेन्स टाळा. तिच्यात चौकटीच्या कडेच्या वस्तू ताणल्या जातात. कडेला आलेलं पिंप जाडजूड दिसतं आणि ओटा दीडपट लांब वाटतो. साधी १ एक्सची लेन्स घ्या, होईल तेवढं मागे सरका आणि फोन सरळ उभा धरा. खाली झुकवलेल्या फोनमध्ये भिंतीच्या उभ्या कडा तळाशी जवळ येतात आणि उंची मोजायचा सोपा मार्ग बंद होतो. फोटोत दाराची चौकट आणि कपाटाच्या कडा उभ्या आणि एकमेकींना समांतर दिसत असतील, तर तो फोटो कामाचा.

आता मापं. लाद्या ही खोलीत आधीच मांडून ठेवलेली मोजपट्टी आहे. फोटोत दूरच्या लाद्या चपट्या दिसतात, पण मोजताना त्या लाद्याच असतात, एकेक. उजव्या भिंतीच्या दिशेने, ओट्याच्या पुढच्या कडेपाशी मोजलं, तर आपल्या खोलीत १२ लाद्या भरतात. डाव्या भिंतीच्या दिशेने, कॉटच्या बाहेरच्या कडेपाशी मोजलं, तर १४ पूर्ण आणि एक कापलेली, साधारण अर्ध्याला थोडी कमी. पण लादी केवढी? मोझॅकच्या लाद्या साधारण ८, १० किंवा १२ इंचांच्या येतात. इथे कपाट उपयोगी पडतं. घरोघरी दिसणारं मोठं लोखंडी कपाट साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि साधारण दीड फूट खोल असतं. फोटोत त्या कपाटापुढे साडेतीनहून थोड्या जास्त लाद्या दिसतात. छत्तीस इंचांत साडेतीनहून थोड्या जास्त म्हणजे लादी दहा इंचांची. बारा इंचांची असती तर नेमक्या तीन बसल्या असत्या. म्हणजे आखूड भिंत १२ गुणिले १० इंच, दहा फूट. लांब भिंत १४ लाद्या आणि वरचा तुकडा मिळून बारा फूट. दहा बाय बाराची खोली, चाळीत ऐकू येतं तेच माप.

उंचीसाठी याच कपाटाकडे परत जाऊ. कपाटाची भिंतीला टेकलेली उजवी कड पाहा. त्याच उभ्या रेषेत वर छतापर्यंत भिंतही दिसते. फोन सरळ धरला असेल, तर एका उभ्या रेषेवरची लांबी फोटोत खऱ्या प्रमाणातच राहते. छापलेल्या फोटोवर कपाटाची ती कड ५२ मिलिमीटर आणि जमिनीपासून छतापर्यंतची पूर्ण रेषा ७२ मिलिमीटर भरली, असं धरू. कपाट ७८ इंच, म्हणजे या रेषेवर एक मिलिमीटर दीड इंचाचा. भिंत १०८ इंच, नऊ फूट. हेच प्रमाण दुसऱ्या एखाद्या उभ्या रेषेवर वापरू नका. कॅमेऱ्यापासूनचं अंतर बदललं की प्रमाणही बदलतं, आणि इथे चूक झाली तर खिडकी फूटभर वर-खाली सरकते.

खिडकी तर भिंतीवर आहे, तिच्याखाली ओटा आहे, तिथे लाद्या दिसत नाहीत. तिच्यासाठी कर्णांचा उपाय आहे आणि तो मला या सगळ्या कामातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. फोटोत उजवी भिंत ही एक तिरपी चौकट दिसते. तिचे दोन्ही कर्ण काढा. ते जिथे छेदतात तो भिंतीचा खरा मध्य असतो, फोटो कितीही तिरपा असला तरी. पट्टीने मोजलेला मध्य मात्र खोटा असतो, कारण जवळची अर्धी भिंत फोटोत जास्त जागा खाते. छेदबिंदूतून उभी रेषा काढली की भिंतीचे पाच-पाच फुटांचे दोन भाग झाले. उजव्या भागाचे पुन्हा कर्ण काढले की अडीच-अडीच फूट. आणखी एकदा केलं की सव्वा-सव्वा. आपल्या खिडकीची डावी कड मध्यापासून पहिल्या सव्वा फुटाच्या रेषेला लागून आहे, म्हणजे कोपऱ्यापासून सव्वासहा फुटांवर. दोन-तीन इंचांचा फरक राहील, तो या आकाराच्या चित्रात दिसत नाही.

आता वहीच्या एका पानावर साधा नकाशा काढा, वरून पाहिल्यासारखा. पल्याडचा कोपरा शून्य धरा. उजव्या भिंतीच्या दिशेने दहा फूट, डाव्या भिंतीच्या दिशेने बारा. कपाट उजव्या भिंतीवर शून्य ते तीन, खोली दीड. ओटा पाच ते नऊ, खोली दोन. कॉट डाव्या भिंतीवर तीन ते नऊ, रुंदी तीन. खुर्ची-स्टूल फोटोत तिरपं पडलेलं असेल, तर नकाशातच भिंतीला समांतर करून टाका. अर्धवट उघडं दार असेल, तर ते बंद किंवा पूर्ण काटकोनात उघडं दाखवा. तीस-चाळीस अंशांत वळलेली एकच खुर्ची सगळ्या चित्राची शिस्त बिघडवते आणि त्या बदल्यात काही सांगत नाही. जे फोटोत दिसत नाही, उदाहरणार्थ कॉटखालच्या ट्रंका, ते कल्पनेने भरू नका.

मग कागद. एक फुटाला एक सेंटीमीटर ठेवला, तर ही खोली उभ्या ए-फोर कागदात बसते. कंपासपेटीतला तीस-साठचा गुण्या आणि एक लांब पट्टी पुरते. कागदावर पल्याडच्या कोपऱ्याचा तळबिंदू ठरवा. तो कागदाच्या मध्यावर येत नाही, कारण डावी भिंत लांब आहे. डावीकडे साधारण अकरा सेंटीमीटर जागा सोडा, वर दहा. त्या बिंदूतून वर नऊ सेंटीमीटरची उभी रेषा, हा खोलीचा कोपरा. मग त्याच बिंदूतून खाली उजवीकडे, आडव्या रेषेशी तीस अंश करून दहा सेंटीमीटर, आणि खाली डावीकडे तीस अंशांनीच बारा. खरं तर वस्तूकडे अशी तिरपी नजर टाकली, की प्रत्येक बाजू आखडून सुमारे ८२ टक्के दिसते. पण तिन्ही दिशा सारख्याच आखडतात, म्हणून ते आखडणं सोडून देऊन पूर्ण माप वापरण्याची रीत आहे.

दोन्ही टोकांतून समांतर रेषा काढून जमीन पूर्ण करा आणि लगेच तपासा. त्या जिथे भेटतात तो पुढचा कोपरा पल्याडच्या कोपऱ्याच्या बरोबर ११ सेंटीमीटर खाली आणि १.७ सेंटीमीटर डावीकडे असायला हवा. गुण्या दोन अंश सरकला, तर बारा सेंटीमीटरच्या रेषेचं टोक चार मिलिमीटर चुकतं, म्हणजे खोलीत पाच इंच. ही चूक आता दुरुस्त झाली नाही, तर कॉट भिंतीत घुसेल किंवा कपाट हवेत राहील. आणखी एक सोपी कसोटी आहे. जमिनीवरच्या कुठल्याही चौरसाचा आखूड कर्ण त्याच्या बाजूइतकाच भरतो. कंपासमध्ये बाजू घ्या आणि कर्णावर ठेवा. जुळलं नाही तर कोन बिघडलाय. संगणकावर काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. जुन्या खेळांच्या पिक्सेल-चित्रांत दोन आडवे, एक उभा अशी पायरी असते, तिचा कोन तीस नसून सुमारे साडेसव्वीस अंश येतो. तसं एखादं तयार फर्निचर उचलून तीस अंशांच्या खोलीत ठेवलं, की ते तिथलं नाही हे लगेच जाणवतं.

फर्निचर आधी नुसत्या खोक्यांनी मांडा. कपाटाचं खोकं तीन बाय दीड बाय साडेसहा. कॉटचं सहा बाय तीन बाय दीड. ओट्याचं चार बाय दोन बाय अडीच. सगळी खोकी जागेवर बसली, की मगच त्यांतून आकार कापून काढायचे: कॉटखालची पोकळी, कपाटाच्या दोन दारांमधली फट, ओट्याचा दगडी काठ. किती तपशील ठेवायचा, हे नजरेवर न सोडता मापावर सोडा. कॉटचा पाय दीड इंच जाड असेल तर कागदावर सव्वा मिलिमीटर, पेनाच्या दोन रेषा तिथे एकमेकींत मिसळतात. म्हणून दोन मिलिमीटरपेक्षा बारीक जे असेल, ते एकतर दोन मिलिमीटरचं करायचं किंवा गाळायचं. हा नियम एका वस्तूला लावला की सगळ्यांना लावायचा. कॉटचे पाय जाड आणि स्टुलाचे पाय सुईसारखे, असं झालं की दोन वेगळ्या चित्रांतून कापून चिकटवल्यासारखं दिसतं. कपाटाची कडी ठेवा, तिच्यावरूनच ते कपाट ओळखू येतं. कुलूप, बिजागरी, स्टिकर सोडून द्या.

लाद्यांबद्दल माझं मत ठाम आहे. काढायच्या तर मोजल्या तेवढ्याच काढा, नाहीतर जमीन कोरी ठेवा. कष्ट वाचवायला लाद्या मोठ्या केल्या की खोली आक्रसते, कारण पाहणाऱ्याचं मन लाद्या मोजूनच जागेचा अंदाज घेतं. दोन-दोन फुटांच्या लाद्या घातल्या, की दहा बाय बाराची खोली न्हाणीघराएवढी वाटू लागते.

गोल वस्तूंना वेळ द्यावा लागतो. एक फूट व्यासाच्या स्टुलासाठी आधी एक सेंटीमीटर बाजूचा आयसोमेट्रिक चौरस काढा, त्याच्या चारही बाजूंचे मध्य घ्या आणि त्यांना स्पर्श करणारं लंबवर्तुळ काढा. ते सुमारे १२ मिलिमीटर लांब आणि ७ मिलिमीटर रुंद येतं. दीड फुटी पिंपाचं तोंड १८ आणि ११ मिलिमीटरचं. जमिनीला समांतर असलेली सगळी लंबवर्तुळं आडवी झोपलेली असतात आणि त्यांच्या लांबी-रुंदीचं प्रमाण एकच असतं, स्टूल असो, पिंप असो की ओट्यावरचं पातेलं. सर्वांत जास्त चुकतं भिंतीवरचं घड्याळ. डाव्या भिंतीवरचं घड्याळ लोक उभ्या अंड्यासारखं काढतात आणि ते भिंतीवरून सुटून लोंबकळतं. त्याचा आखूड अक्ष भिंतीतून बाहेर येणाऱ्या दिशेने, म्हणजे खाली उजवीकडे जाणाऱ्या तीस अंशांच्या रेषेवर हवा. लांब अक्ष मग आपोआप आडव्या रेषेशी साठ अंश करतो. उजव्या भिंतीवर याचं आरशातलं रूप.

राहिला पंखा, आणि त्याच्यात आयसोमेट्रिक चित्राची खरी मर्यादा लपली आहे. या चित्रात एखादा बिंदू दोन्ही भिंतींच्या दिशेने एकेक फूट पुढे आणला, तर तो कागदावर बरोबर एक सेंटीमीटर खाली येतो. तोच बिंदू एक फूट उचलला, तर एक सेंटीमीटर वर जातो. म्हणजे दोन्ही दिशांनी एक फूट पुढे आणून एक फूट उचललेली वस्तू कागदावर जागची हलतच नाही. फोटोत जवळची वस्तू मोठी दिसते म्हणून आपण फसत नाही. इथे तो आधार नाही. आपला पंखा खोलीच्या मध्यावर आठ फुटांवर आहे. हिशेब केला तर त्याचा मधला गोळा कपाटाच्या डाव्या दारावर साडेतीन फूट उंचीला येतो. चार फुटी पात्यांचं लंबवर्तुळ पाच सेंटीमीटर लांब, कपाटाचा मधला बराच भाग झाकणारं. रेषा अचूक असूनही पाहणाऱ्याला वाटेल की पंखा कपाटावर ठोकलाय. छत काढून टाकलेलं असल्यामुळे दांडीही कशाला टांगलीये ते कळत नाही. मी अशा वेळी पंखा गाळते आणि जमिनीच्या मध्यावर त्याची फिकट सावली तेवढी ठेवते. कपाट दिसलं पाहिजे, पंखा सावलीवरून कळतो.

याच कारणाने कोणत्या दोन भिंती ठेवायच्या, हेही ठरतं. उंच वस्तू ज्या भिंतींना लागून आहेत, त्या मागे राहायला हव्यात. साडेसहा फुटी कपाट पुढच्या बाजूला आलं, तर त्याच्यामागे दोन्ही दिशांना साडेसहा फुटांपर्यंत जाणारा जमिनीचा तिरपा पट्टा गडप होतो, म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीतली जवळजवळ पाव जमीन. फोटोत कपाट जवळच्या भिंतीला असेल, तर समोरच्या कोपऱ्यातून आणखी एक फोटो काढणं हाच मार्ग. दिशा उलटी करून मनाने चित्र काढायला गेलं, की कपाटाचं दार आणि खिडकीची बाजू हमखास अदलाबदल होते.

रंग तीनच छटांत बसवा: वर पाहणारे पृष्ठभाग सर्वांत उजळ, डावीकडे पाहणारे मध्यम, उजवीकडे पाहणारे गडद. इथे एक बारकावा सरावलेल्यांच्याही नजरेतून सुटतो. चित्रातली डावी भिंत उजवीकडे पाहते. म्हणून तिची छटा कपाटाच्या उजव्या बाजूची, म्हणजे गडद हवी आणि उजव्या भिंतीची छटा कपाटाच्या दारांची. डावी भिंत म्हणून तिला डाव्या बाजूची छटा दिली, की उजेड एकाच वेळी दोन दिशांनी आल्यासारखा वाटतो आणि खोली पोकळ दिसायच्या ऐवजी फुगीर दिसते. छोट्या प्रतिकृतीचा भाव हवा असेल, तर दोन्ही भिंतींना बाहेरच्या बाजूने अर्धा सेंटीमीटर जाडी द्या आणि जमिनीलाही तेवढीच. चित्राची रुंदी मग जवळजवळ वीस सेंटीमीटर होते, ए-फोरमध्ये जेमतेम मावते.

चित्र पूर्ण झालं की कोपऱ्यात ‘१ सेंमी = १ फूट’ असं लिहायला विसरू नका. पुढे कुणी ओट्यावर पट्टी ठेवली, तर चार सेंटीमीटर भरले पाहिजेत आणि ओटा चार फुटांचाच असला पाहिजे. मात्र पट्टी भिंतींच्या दोन दिशांनी आणि उभीच ठेवायची. जमिनीच्या कर्णावर ठेवलेली पट्टी या चित्रात खरं माप देत नाही.